दांड्या उडवणारा मॅट्रिक्स

‘एखाद्या मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य असतील, तर तो मॅट्रिक्स शून्यच असतो. सत्य की असत्य?’

लिनिअर अल्जिब्राच्या वर्गात हे विधान फळ्यावर आलं, की ‘सत्य’ म्हणणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते. त्यात नवल नाही. शाळेपासून आकड्यांशी खेळताना हाताला एक सवय लागलेली असते: दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला, तर त्यांतली एक तरी शून्य असणारच. वर्ग शून्य आला, तर मूळ संख्याही शून्यच. ही सवय मॅट्रिक्सच्या प्रांतात शिरली की उत्तरं चुकायला लागतात, आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

म्हणूनच ‘सत्य की असत्य’ हा प्रकार त्यांचा लाडका आहे. इग्नूच्या लिनिअर अल्जिब्राच्या पेपरात अशी विधानं देऊन छोटी सिद्धता किंवा प्रतिउदाहरण मागतात. मुंबईच्या टीआयएफआरच्या प्रवेश परीक्षेत या प्रकारचे प्रश्न अनेक वर्षं असत. सीएसआयआर-नेटच्या गणिताच्या पेपरातला ‘क’ भाग म्हणजे तर वेश पालटलेलं सत्य-असत्यच. तिथे चार पर्यायांपैकी एक किंवा अधिक बरोबर असतात, आणि सगळे बरोबर पर्याय, फक्त तेवढेच, निवडले तरच गुण मिळतात. तीन विधानं अचूक ओळखली आणि चौथ्याला फसलं, तर पदरात काहीच पडत नाही.

गंमत अशी, की यांतल्या बऱ्याच विधानांची दांडी उडवायला एकच मॅट्रिक्स पुरतो. त्यात चार जागा आहेत आणि चारपैकी तीन ठिकाणी शून्य आहे.

```
N = [ 0  1 ]
    [ 0  0 ]
```

मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा तक्ता खरा, पण तो काय करतो हे पाहिल्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाही. N ला (x, y) ही जोडी दिली, की तो (y, 0) परत देतो. म्हणजे दुसरा आकडा उचलून पहिल्याच्या जागी ठेवतो, पहिला फेकून देतो आणि रिकाम्या जागी शून्य भरतो. (5, 3) दिलं तर (3, 0) मिळतं. तेच पुन्हा त्याच्या हाती दिलं तर (0, 0). दोन फेऱ्यांत सगळं साफ. सूत्रात लिहायचं तर N² = 0, पण N स्वतः शून्य नाही.

लेखातले तिन्ही शब्द इथेच समजून घेता येतात. मॅट्रिक्स इन्व्हर्टिबल असणं म्हणजे उत्तरावरून मूळ जोडी परत मिळवता येणं. N च्या बाबतीत ते शक्य नाही, कारण (5, 3) आणि (8, 3) या दोन्हींचं उत्तर (3, 0) असंच येतं, पहिला आकडा कायमचा हरवलेला असतो. रँक म्हणजे सगळी उत्तरं मिळून किती मिती व्यापतात ते. N ची सगळी उत्तरं (काहीतरी, 0) अशी, म्हणजे एका रेषेवर पडतात, म्हणून त्याची रँक १. आणि आयगेनव्हॅल्यू म्हणजे अशी संख्या λ, की एखाद्या शून्येतर जोडीला मॅट्रिक्स फक्त λ पटीनं ताणतो, तिची रेषा बदलत नाही. N ची आयगेनव्हॅल्यू λ असेल, तर N दोनदा लावल्यावर λ² पट व्हायला हवं. पण दोनदा लावल्यावर तर सगळं शून्य होतं. तेव्हा λ² = 0, आणि λ ही साधी संख्या असल्यामुळे λ = 0. दुसरी आयगेनव्हॅल्यू असूच शकत नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य, तरी मॅट्रिक्स शून्य नाही. विधान असत्य, कारण N.

याच विधानाचं जरा सभ्य कपड्यांतलं भावंड परीक्षेत जास्त बळी घेतं: ‘मॅट्रिक्सची रँक म्हणजे त्याच्या शून्येतर आयगेनव्हॅल्यूंची संख्या.’ हे विधान धोकादायक आहे, कारण ते अर्धं खरं आहे. n × n मॅट्रिक्सचा डिटरमिनंट म्हणजे त्याच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यूंचा गुणाकार, त्यामुळे एकही आयगेनव्हॅल्यू शून्य नसेल तर मॅट्रिक्स इन्व्हर्टिबल असतो आणि रँक पूर्ण n असते. उलटही खरं. विद्यार्थी हे टोकाचं सत्य पाठ करतो आणि मधल्या सगळ्या प्रकरणांना लावून मोकळा होतो. n पैकी n शून्येतर तर रँक n, मग n पैकी k शून्येतर तर रँक k असणारच की! N हा आडवा येतो: शून्येतर आयगेनव्हॅल्यू शून्य, रँक मात्र १.

आकार वाढवला तर तफावतही वाढते. तीन आकड्यांना एकेक जागा पुढे सरकवणारा मॅट्रिक्स घ्या, म्हणजे (x, y, z) वरून (y, z, 0) देणारा. त्याचीही प्रत्येक आयगेनव्हॅल्यू शून्य, पण रँक २. दहा जागांचा घेतला तर रँक ९, आणि शून्येतर आयगेनव्हॅल्यू अजूनही एकही नाही.

मग या दोन आकड्यांत नातं काय? पुनरावृत्ती धरून मोजलेल्या शून्येतर आयगेनव्हॅल्यू रँकपेक्षा कधीच जास्त नसतात, कमी असू शकतात. त्या नेमक्या रँकइतक्या केव्हा भरतात, याची सोपी कसोटी आहे: A ची रँक आणि A² ची रँक काढून पाहायची. दोन्ही सारख्या असतील तर हिशेब जुळतो, नाहीतर नाही. सरकवणाऱ्या तीनच्या मॅट्रिक्सची रँक २, त्याच्या वर्गाची १, घनाची ०. रँक एकेक पायरी उतरत गेली, म्हणून आयगेनव्हॅल्यूंचा हिशेब चुकला. मॅट्रिक्स वास्तव संख्यांचा आणि सिमेट्रिक असेल, तर अशी उतरण होतच नाही, तिथे विधान निर्धास्तपणे ‘सत्य’. त्यामुळे प्रश्नात ‘सिमेट्रिक’ हा शब्द आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पेन उचलू नये. ‘A आणि A² ची रँक सारखीच असते’ हे विधान स्वतंत्रपणेही विचारतात. उत्तर आता सांगायला नकोच.

यापुढचा सापळा गुणाकाराच्या क्रमाचा. AB आणि BA वेगळे असू शकतात, हे बारावीचा विद्यार्थीही सांगतो. पण ‘AB ची रँक आणि BA ची रँक सारखी असते’ असं विचारलं की तोच थबकतो. वेगळे असले तरी रँक तरी सारखी असेल, असं मन म्हणतं. N सोबत आणखी एक मॅट्रिक्स घेऊ. E हा फक्त पहिला आकडा ठेवतो आणि दुसऱ्याचं शून्य करतो.

```
E = [ 1  0 ]
    [ 0  0 ]
```

(5, 3) वर आधी E लावला, तर (5, 0) मिळतं. त्यावर N लावला, की दुसऱ्या जागेवरचं शून्य पहिल्या जागी येतं आणि हाती उरतं (0, 0). कुठलीही जोडी घ्या, हेच होणार, म्हणून NE = 0 आणि रँक शून्य. आता क्रम उलटा करू. आधी N लावला तर (3, 0), आणि त्यावर E लावला तरी (3, 0), कारण E पहिल्या आकड्याला हातच लावत नाही. म्हणजे EN = N आणि रँक १. एकाच जोडगोळीचा एका क्रमानं पूर्ण सफाया, दुसऱ्या क्रमानं नाही.

याच उदाहरणानं आणखी दोन गैरसमज जाता जाता मोडतात. N ही शून्य नाही, E ही शून्य नाही, तरी NE = 0. शिवाय NE = N·0 असूनही E ला शून्य म्हणता येत नाही, म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजूंवरचा समान मॅट्रिक्स बिनधास्त खोडता येत नाही. खोडायचा तर तो इन्व्हर्टिबल हवा. मात्र AB आणि BA यांच्यात एक गोष्ट नक्की सारखी असते. दोन्ही चौरस मॅट्रिक्स असतील तर त्यांच्या आयगेनव्हॅल्यू, पुनरावृत्तीसकट, तंतोतंत त्याच. इथे पाहा: NE च्या दोन्ही शून्य, EN च्याही दोन्ही शून्य. ‘आयगेनव्हॅल्यू सारख्या’ हे सत्य, ‘रँक सारखी’ हे असत्य. परीक्षक ही दोन विधानं शेजारी शेजारी छापतो, आणि त्याला अचूक माहीत असतं की अनेक जण दोन्हींवर एकच खूण करणार.

चौरस हा शब्द इथे सहज लिहिलेला नाही. ‘AB = I असेल तर BA = I असतंच’ हे विधान चौरस मॅट्रिक्ससाठी खरं आहे, आणि पुस्तकात बहुतेकदा चौरसच गृहीत असतात. प्रश्नात आकार दिलेला नसेल, तर एक ओळ आणि दोन स्तंभांचा A = [1 0] घ्यावा आणि B म्हणून तेच आकडे उभे लिहावेत. AB येतो नुसता १, म्हणजे 1 × 1 चा आयडेंटिटी. BA येतो तो वरचा E, आयडेंटिटी नव्हे.

आतापर्यंतचे सापळे विधानांचे झाले. पुढचा जास्त खोल आहे, कारण तो मोठ्या उत्तरांतही घात करतो. रँक काढायची पद्धत सगळ्यांना घोटून शिकवलेली असते: ओळींवर क्रिया करायच्या, खालच्या कोपऱ्यात शून्यं आणायची, मग शून्येतर ओळी मोजायच्या. पुढे आयगेनव्हॅल्यूंच्या धड्यात शिकवतात, की मॅट्रिक्स त्रिकोणी असेल तर कर्णावरचे आकडे म्हणजेच आयगेनव्हॅल्यू. दोन्ही गोष्टी बरोबर. मग कुणालाही वाटेल, आधी ओळींच्या क्रियांनी मॅट्रिक्स त्रिकोणी करू आणि कर्णावरून आयगेनव्हॅल्यू वाचू. पानभर गणित वाचेल!

हा उपाय एकदा करून पाहावाच.

```
A = [ 2  1 ]
    [ 1  2 ]
```

A ला (1, 1) दिलं तर (3, 3) येतं, म्हणजे तिप्पट. (1, -1) दिलं तर (1, -1) च येतं, म्हणजे एकपट. आयगेनव्हॅल्यू ३ आणि १, वाद नाही. आता दुसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीची निम्मी वजा करू.

```
[ 2   1  ]
[ 0  3/2 ]
```

त्रिकोणी झाला. कर्णावर २ आणि ३/२. मूळच्या ३ आणि १ यांचा इथे मागमूसही नाही. पण चूक पटकन लक्षात येत नाही, कारण एक ताळा जुळतो: ३ × १ = ३ आणि २ × ३/२ हेही ३. एका ओळीची पट दुसरीतून वजा केली तर डिटरमिनंट बदलत नाही, म्हणून गुणाकार टिकला. ज्यानं फक्त गुणाकार तपासला तो निर्धास्त राहील. बेरीज तपासली असती तर चोरी लगेच पकडली गेली असती. मूळ मॅट्रिक्सच्या कर्णाची बेरीज, म्हणजे ट्रेस, २ + २ = ४, आणि ३ + १ सुद्धा ४. नव्याची बेरीज मात्र साडेतीन. आयगेनव्हॅल्यू काढल्या की मूळ मॅट्रिक्सचा ट्रेस आणि त्यांची बेरीज ताडून पाहावी. पाच सेकंदांचं काम आहे.

चुकतं कुठे? ओळींवरची क्रिया म्हणजे A ला डावीकडून एका इन्व्हर्टिबल मॅट्रिक्सनं गुणणं, PA करणं. त्यानं उत्तरांची जागा बदलते, पण त्यांची मिती तीच राहते, म्हणून रँकला धक्का लागत नाही. आयगेनव्हॅल्यूचा प्रश्न वेगळा आहे: उत्तर मूळ जोडीच्याच रेषेत आलं का? तिथे उत्तर आणि मूळ जोडी यांची तुलना आहे, आणि आपण फक्त उत्तराची बाजू फिरवली. दोन्ही बाजू सारख्याच फिरवल्या, म्हणजे PA ऐवजी PAP⁻¹ केलं, तर आयगेनव्हॅल्यू टिकतात. एका ओळीत पटवायचं असेल, तर आयडेंटिटी मॅट्रिक्सच्या दोन ओळींची फक्त अदलाबदल करावी. मूळच्या आयगेनव्हॅल्यू १ आणि १, अदलाबदलीनंतर १ आणि −१.

‘इन्व्हर्टिबल मॅट्रिक्स डायगोनलायझेबल असतो’ हे विधानही दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पेपरात डोकावतं, कधी सरळ, कधी उलटं करून. डायगोनलायझेबल म्हणजे योग्य अक्ष निवडले तर ज्याचं काम निव्वळ ताणण्याचं दिसतं, असा मॅट्रिक्स. दोन्ही गुण चांगल्या मॅट्रिक्सचे म्हणून एकत्र शिकवले जातात, त्यातून ते एकमेकांवर अवलंबून आहेत असा भास होतो. खरं तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एक गुण शून्य ही आयगेनव्हॅल्यू आहे का, एवढंच विचारतो. दुसरा विचारतो, की पुरेशा स्वतंत्र दिशा मिळतात का. चारही शक्यता 2 × 2 मध्येच सापडतात.

```
[1 0]   [1 1]   [1 0]   [0 1]
[0 1]   [0 1]   [0 0]   [0 0]
```

पहिल्यात दोन्ही गुण, चौथ्यात (तो आपला N) एकही नाही. तिसरा डायगोनलायझेबल, पण इन्व्हर्टिबल नाही. दुसरा नेमका उलट. दुसऱ्याची सिद्धता लक्षात ठेवण्याजोगी, कारण ती दीड ओळीची आहे. त्याच्या दोन्ही आयगेनव्हॅल्यू १. तो डायगोनलायझेबल असता, तर PIP⁻¹ च्या रूपात लिहिता आला असता, आणि PIP⁻¹ म्हणजे I. पण तो I नाही. संपलं. हाच युक्तिवाद N लाही लागतो, फक्त I च्या जागी शून्य. पहिल्या मॅट्रिक्समुळे आणखी एक उलटं विधान मोडतं. सगळ्या आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या असतील तर मॅट्रिक्स डायगोनलायझेबल असतो, हे खरं. डायगोनलायझेबल असेल तर त्या वेगवेगळ्या असतात, हे खोटं.

बेरजेबद्दल फार लिहायला नको. ‘A ची आयगेनव्हॅल्यू λ आणि B ची μ, तर A + B ची λ + μ’ हे खात्रीनं तेव्हा म्हणता येतं, जेव्हा दोघांची ती दिशा एकच असते. N आणि आडव्या-उभ्याची अदलाबदल केलेला Nᵀ, दोघांच्या आयगेनव्हॅल्यू शून्य. त्यांच्या बेरजेच्या १ आणि −१. दोघेही इन्व्हर्टिबल नाहीत, त्यांची बेरीज आहे. उलट I आणि −I दोघेही इन्व्हर्टिबल, बेरीज शून्य.

आता सिमेट्रिक मॅट्रिक्सबद्दल वर दिलेल्या आश्वासनाकडे. तिथे ‘वास्तव संख्यांचा’ हे शब्द मुद्दाम होते. परीक्षेत एखादं विधान C वर, म्हणजे संमिश्र संख्यांवर आहे, हे एका बारीक अक्षरानं सांगितलेलं असतं आणि तेवढ्यावर उत्तर फिरतं. पुढचा मॅट्रिक्स कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशासारखा सारखा, म्हणजे पक्का सिमेट्रिक.

```
S = [ 1   i ]
    [ i  -1 ]
```

इथे i² = −1. दुसरी ओळ म्हणजे पहिलीची i पट, म्हणून रँक १. आता वर्ग करून पाहू. पहिल्या जागी 1·1 + i·i = 1 − 1 = 0. तिच्या शेजारी 1·i + i·(−1) = 0. खालच्या दोन्ही जागांवरही तसंच. S² = 0! हा तर N चाच अवतार निघाला. आयगेनव्हॅल्यू दोन्ही शून्य, रँक १, डायगोनलायझेबल नाही, आणि तरी सिमेट्रिक. ‘AᵀA ची रँक A इतकीच असते’ हे वास्तव संख्यांवर खरं असलेलं विधानही इथे पडतं, कारण SᵀS म्हणजेच S². वास्तव संख्यांवर ते का टिकतं? तिथे AᵀAx = 0 असेल, तर Ax च्या घटकांच्या वर्गांची बेरीज शून्य होते, आणि वास्तव संख्यांचे वर्ग ऋण नसल्यामुळे प्रत्येक घटक शून्य व्हावाच लागतो. संमिश्र संख्यांत १ आणि i यांच्या वर्गांची बेरीज शून्य होते, तिथेच युक्तिवाद कोसळतो. म्हणून C वर Aᵀ च्या जागी प्रत्येक घटकाचा कॉन्जुगेटही घेतात, आणि मग विधान पुन्हा उभं राहतं.

उलट्या दिशेचा सापळा ‘प्रत्येक मॅट्रिक्सला किमान एक आयगेनव्हॅल्यू असते’ हा. C वर सत्य. R वर, प्रतल ९० अंशांत फिरवणारा मॅट्रिक्स एकाही रेषेला जागेवर ठेवत नाही, म्हणून असत्य. आणि लगेच पुढचा चिमटा: 3 × 3 वास्तव मॅट्रिक्सला वास्तव आयगेनव्हॅल्यू असतेच, कारण तिसऱ्या घाताची वास्तव बहुपदी कुठेतरी शून्याला छेदतेच.

या छोट्या मॅट्रिक्सांवर विसंबण्याला मर्यादा आहे, आणि काही प्रश्न मुद्दाम त्या मर्यादेपलीकडे काढलेले असतात. ‘दोन मॅट्रिक्सची कॅरॅक्टरिस्टिक बहुपदी सारखी आणि मिनिमल बहुपदीही सारखी, तर ते सिमिलर असतात’, म्हणजे एकाच क्रियेची दोन वेगळ्या अक्षांवरची रूपं असतात. 2 × 2 वर कितीही शोधलं तरी प्रतिउदाहरण मिळणार नाही. 3 × 3 वरही नाही. तिथे विधान खरंच आहे. 4 × 4 ला मात्र पडतं. एका मॅट्रिक्सच्या कर्णावर N चे दोन ठोकळे ठेवा, दुसऱ्यात N चा एकच ठोकळा ठेवून बाकी शून्य भरा. दोन्हींची कॅरॅक्टरिस्टिक बहुपदी x⁴, दोन्हींचा वर्ग शून्य म्हणून मिनिमल बहुपदी x². पण पहिल्याची रँक २, दुसऱ्याची १, आणि सिमिलर मॅट्रिक्सची रँक सारखीच असावी लागते. हुशार विद्यार्थी म्हणेल, मग रँकचीही अट घालू. प्रतिउदाहरण तरीही आहे, फक्त N सारखे, सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य असलेले मॅट्रिक्सच घ्यायचे तर त्यासाठी 7 × 7 पर्यंत जावं लागतं. सरकवणाऱ्या ठोकळ्यांचे आकार एकात ३, ३, १ आणि दुसऱ्यात ३, २, २. दोन्हींची रँक ४, दोन्हींचा घन शून्य, तरी सिमिलर नाहीत. फरक कळतो तो वर्गाच्या रँकवरून: पहिल्याची २, दुसऱ्याची १.

मराठी वाचकाला या विषयातलं एक मोठं प्रतिउदाहरण ठाऊक असायला हवं, कारण त्यावर एका मराठी गणितज्ञाचं नाव कोरलेलं आहे. शरदचंद्र श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर इथे झाला, पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. १९५९ मध्ये राज चंद्र बोस आणि ई. टी. पार्कर यांच्यासोबत त्यांनी लॅटिन चौरसांबद्दलचा ऑयलरचा १७८२ चा अंदाज खोटा ठरवला, आणि ती बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. त्याच वर्षीचं त्यांचं दुसरं काम इथे थेट उपयोगी आहे.

प्रश्न असा: कुठलंही जाळं, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, मॅट्रिक्सनं लिहिता येतं. जोडलेल्या दोन बिंदूंच्या जागी १, न जोडलेल्यांच्या जागी ०. मग ‘आयगेनव्हॅल्यू सारख्या असतील तर जाळंही तेच असतं’ हे सत्य की असत्य? बुद्धिबळाच्या पटातला 4 × 4 चा तुकडा घ्या, सोळा घरं. पहिल्या जाळ्यात हत्ती एका चालीत जिथे पोचेल, ती घरं जोडा. प्रत्येक घराला सहा शेजारी मिळतात, तीन आडवे आणि तीन उभे. दुसऱ्या जाळ्यात पटाच्या समोरासमोरच्या कडा जुळलेल्या आहेत असं समजा, म्हणजे उजवीकडून बाहेर पडलं की डावीकडून आत. आता प्रत्येक घर डाव्या, उजव्या, वरच्या, खालच्या घराशी आणि एकाच तिरप्या रेषेतल्या दोन घरांशी जोडा. पुन्हा सहा शेजारी.

दोन्ही जाळ्यांचे मॅट्रिक्स 16 × 16 चे, वास्तव आणि सिमेट्रिक. दोन्हींच्या आयगेनव्हॅल्यू तंतोतंत सारख्या: ६ एकदा, २ सहा वेळा आणि −२ नऊ वेळा. बेरीज करून पाहा, ६ + १२ − १८ = ०, आणि कर्णावर सगळी शून्यंच असल्यामुळे ट्रेसही शून्य. एकही आयगेनव्हॅल्यू शून्य नाही, म्हणून दोन्ही इन्व्हर्टिबल आणि दोन्हींची रँक १६. वास्तव सिमेट्रिक असल्यामुळे दोन्ही सिमिलरसुद्धा आहेत. इन्व्हर्टिबिलिटी, रँक, आयगेनव्हॅल्यू, यांतलं एकही हत्यार त्यांना वेगळं करू शकत नाही.

तरी जाळी वेगळी आहेत, आणि ते पाहायला एका घराचे सहा शेजारी पुरतात. हत्तीच्या जाळ्यात आडवे तीन शेजारी आपसांत जोडलेले, उभे तीन आपसांत जोडलेले, म्हणजे दोन सुटे त्रिकोण. दुसऱ्या जाळ्यात तेच सहा शेजारी एका षटकोनात साखळीसारखे जोडलेले सापडतात. कागदावर सोळा घरं आखून कुणालाही हे पडताळता येईल. हे दुसरं जाळं जगभरच्या ग्रंथांत ‘श्रीखंडे ग्राफ’ या नावानं छापलं जातं.